उधन्याहून आलेले फोटो: दोन बांगड्या, एक गोफ आणि त्यांवरचे शिक्के

जुने सोने नात्यात विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. खरेदीदार अमळनेर तालुक्यातले, विकणाऱ्या ताई सुरतेजवळच्या उधन्याच्या. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वजने, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता, आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे. सोन्याचा भाव मात्र हिशोब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याला ६,००० रुपये ग्रॅम असा धरला आहे.

## पार्श्वभूमी

खानदेशातल्या अनेक घरांचे एक माणूस तरी सुरतेकडे असते. या प्रकरणातल्या ताईही तशाच. नवरा कापडाच्या कारखान्यात, घर उधन्याला, आणि नव्या फ्लॅटची रक्कम भरायची मुदत जवळ आलेली. त्यांनी माहेरच्या नात्यातल्या आबांना विचारले, कारण आबांच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. आबांना दागिने घ्यायचेच होते. नात्यात घेतले तर घडणावळ वाचते, ३ टक्के जीएसटी वाचतो. ताईंनाही सराफाकडच्या मोडीपेक्षा चार पैसे जास्त मिळणार होते.

ताईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. दोन बांगड्या, एक गोफ, कानातल्या टॉप्सची जोडी. प्रत्येकाचा एक पूर्ण फोटो आणि एक शिक्क्याचा. सोबत वजने: बांगड्या मिळून २४.१० ग्रॅम, गोफ ३१.४० ग्रॅम, टॉप्स ६.२० ग्रॅम. "सगळं नऊशे सोळाचं आहे, आबा," असा निरोप, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने, बावीस कॅरेट. आबांनी त्याच संध्याकाळी १०,००० रुपये विसार म्हणून पाठवून दिले. घरात कोणी शंका काढली तेव्हा त्यांचे उत्तर होते, "शिक्का शे ना, मंग आखो काय देखनं?"

## फोटोतल्या शिक्क्यांत काय होते

तिन्ही डागांवर 916 होते, पण तिन्ही शिक्के वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या भरवशाचे होते. सगळा पेच इथूनच सुरू होतो.

बांगडीवर तीन खुणा होत्या: भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण, `22K916`, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच डागाचा ओळखकोड. ही पद्धत १ जुलै २०२१ पासूनची. ताईंनी बांगड्या २०२२ च्या दिवाळीत घेतल्याचे सांगितले होते, म्हणजे काळ जुळत होता.

गोफ अडकवायच्या फाशावर जुन्या पद्धतीच्या पाच खुणा होत्या: त्रिकोण, 916, तपासणी केंद्राची खूण, एक इंग्रजी अक्षर आणि सराफाची खूण. एचयूआयडी नव्हता. जुना हॉलमार्क रद्द झालेला नाही, घरातल्या दागिन्यावर तो चालतो. पण मानक ब्यूरोच्या ॲपमध्ये टाकून पाहण्यासारखे त्यात काही नसते.

टॉप्सवर नुसते `916 KDM`. त्रिकोण नाही, केंद्राची खूण नाही. केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नव्हेच. कॅडमियम घातलेल्या झाळीने जोडकाम केले, एवढेच ते सांगते. आणि त्रिकोणाशिवायचे 916 म्हणजे घडवणाऱ्याचा शब्द. तो खरा असू शकतो, पण तिसऱ्या कोणी तो तपासलेला नसतो. शिवाय टॉप्सना खडे होते, म्हणजे ६.२० ग्रॅममध्ये सोने किती हेही फोटोवरून सांगता येत नव्हते. टॉप्स या व्यवहारातून तिथेच बाजूला काढले गेले. ताईंनी ते पुढे सुरतेतच मोडीत दिले.

## बांगड्यांचा पेच: खरा कोड खोटा ठरता ठरता

आबांच्या मुलाने ब्यूरोचे बीआयएस केअर ॲप उघडले, एचयूआयडी तपासण्याच्या जागी फोटोतला कोड टाकला. नोंद सापडली नाही. त्याने घरात जाहीर केले की शिक्का बनावट आहे, आणि विसार परत मागायची भाषा सुरू झाली.

चूक वाचण्यात होती. 916 हा आकडा उलटा धरला तरी 916 च दिसतो: नऊचा सहा होतो, सहाचा नऊ, आणि क्रमही फिरतो. बांगडी गोल, तिला वर-खाली नाही. त्या कोडातली चिन्हेही H, X, 6, 8 अशा जातीची, जी उलटी केली तरी वाचता येतात. फोटोत `22K` वर नेमका उजेड चमकत होता, त्यामुळे K कुठल्या बाजूला उभा आहे ते दिसले नाही. मुलाने अख्खा कोड शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला होता.

दिशा ठरवायची तर K आधी शोधायचा. K उलटा झाला की लगेच कळतो. K सरळ दिसेपर्यंत फोटो फिरवायचा आणि मगच कोड लिहून घ्यायचा. दिशा बरोबर असूनही नोंद सापडली नाही, तर एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे बदलून पाहायची: 8 आणि B, 0 आणि O, 5 आणि S, 2 आणि Z. इथे दिशा सुधारल्यावर तिसऱ्या जागी 8 की B असा प्रश्न उरला. 8 घातल्यावर नोंद आली: डागाचा प्रकार बांगडी, शुद्धता 22K916, हॉलमार्क केल्याची तारीख २०२२ मधली, सोबत तपासणी केंद्राचे नाव आणि सराफाचा नोंदणी क्रमांक. अक्षरे बदलून पाहताना नुसती "नोंद आली" म्हणून थांबता येत नाही, कारण चुकीच्या अक्षराने भलत्याच दागिन्याची नोंदही उघडू शकते. प्रकार, शुद्धता, तारीख आणि सराफ या चारही गोष्टी हातातल्या डागाशी आणि पावतीशी जुळाव्या लागतात. ताईंकडे पावती होती आणि सगळे जुळले.

मग दुसरी बांगडी. तिच्या फोटोत तोच कोड होता, आणि शिक्क्याशेजारी तोच तिरपा ओरखडा. प्रत्येक बांगडीला स्वतःचा एचयूआयडी असतो, त्यामुळे दोन बांगड्यांवर एकच कोड दिसणे हे थांबण्याचे कारण आहे. इथे मात्र ओरखड्याने उलगडा केला: ताईंनी एकाच बांगडीचा फोटो दोनदा पाठवला होता. दुसऱ्या बांगडीचा फोटो आला, कोड वेगळा निघाला, नोंद जुळली.

नवे फोटो नीट यावेत म्हणून ताईंना सांगितले ते इतकेच. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने शिक्का धुवा. टूथपेस्ट नको, ती घासते. फ्लॅश बंद करा, खिडकीशी बसा, उजेड समोरून न घेता बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे कोरलेल्या रेघांत सावली धरते. सोनाराचे दहापट भिंग मिळाले तर कॅमेऱ्याला टेकवून धरा. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते, आणि 8 चा B होतो तो इथेच.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. ॲपमधली नोंद त्या कोडाची असते, समोरच्या धातूची नसते. खऱ्या दागिन्याचा कोड फोटोवरून उचलून दुसऱ्या डागावर कोरला, तरी ॲप खरीच नोंद दाखवणार. म्हणून फोटोवरून एखादा डाग नाकारता येतो, स्वीकारता येत नाही. विकणाऱ्यानेही आपल्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो गटात टाकू नये, घेणाऱ्यालाच पाठवावा.

## गोफाचा पेच: अक्षर J

खरा पैसा गोफात होता. ३१.४० ग्रॅमला शिक्क्याप्रमाणे ०.९१६ ने गुणले तर २८.७६ ग्रॅम शुद्ध सोने, किंमत सुमारे १,७२,५७० रुपये. याच आकड्यावर तोंडी बोलणे झाले होते.

फोटो शेजारच्या एका जुन्या कारागिरांनी पाहिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोफ कधीचा म्हणून. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे २००४ मध्ये लग्नात सासूबाईंनी घातलेला. फाशावरचे अक्षर मात्र J होते. जुन्या हॉलमार्कमध्ये हे अक्षर वर्ष सांगत असे: २००० ला A, २००१ ला B, असे पुढे, I वगळल्यामुळे H म्हणजे २००७ आणि J म्हणजे २००८. २००४ च्या गोफावर २००८ चा शिक्का असू शकत नाही. (२०१७ पासून हे अक्षर काढून टाकले गेले, त्यामुळे नंतरच्या दागिन्यांत हा धागा मिळत नाही.)

मग त्यांनी फोटो मोठा करून फाशाच्या बुडाशी पाहिले. फासा जिथे शेवटच्या कडीला मिळतो तिथे झाळीचा एक बारीक फुगवटा होता, दुसऱ्या टोकाच्या जोडापेक्षा जाड. आणि फाशाचा पिवळा रंग कड्यांपेक्षा उजळ होता. रंगावरून टंच काढणे फोटोत धोक्याचे असते, कारण फोनचा कॅमेरा रंग स्वतःच बदलतो. पण एकाच फोटोत, एकाच उजेडात, शेजारी-शेजारी असलेल्या दोन भागांत फरक दिसत असेल तर तो दखल घेण्याजोगा असतो.

"ताईले इचारा, फासा बदलेल शे का," एवढेच ते म्हणाले.

फोनवर विचारल्यावर ताईंना आठवले. फासा तुटला होता, आणि सासूबाईंनी गावातल्या सोनाराकडून दुसरा बसवून घेतला होता. तो कुठल्या चेनचा होता ते ठाऊक नाही. म्हणजे शिक्का खरा होता, पण तो फाशाचा होता. कड्यांबद्दल तो काहीच सांगत नव्हता. यात फसवणूक कोणाची नव्हती. ताईंना शिक्का म्हणजे अख्ख्या गोफाचा दाखला वाटत होता, जसा तो बहुतेकांना वाटतो.

## कोणते पर्याय होते

शिक्क्याच्या भावाने घ्यावे, हा पहिला विचार मागे पडला. दुसरे म्हणजे गोफ सोडूनच द्यावा, असे आबांच्या पत्नीचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते: लग्नाच्या गडबडीत हा व्याप कशाला? ताईंनी तिसरे सुचवले की त्या सुरतेत गोफ आटवून पैसे करतील. त्यात ताईंची मोडीची घट आणि आबांची पुन्हा नवी घडणावळ, असे दोघांचेही नुकसान होते, शिवाय गोफ चांगल्या घडणीचा होता.

चौथा पर्याय म्हणजे दोघांच्या समोर तपासून घेणे. जळगावात मानक ब्यूरोची मान्यता असलेली तपासणी केंद्रे आहेत. सामान्य ग्राहकालाही तिथे आपला दागिना तपासून मिळतो. चार डागांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर डागामागे ४५ रुपये, अधिक कर. ताईंना सुरतेहून तापी मार्गावरच्या गाडीने थेट जळगावला येता येत होते. हाच मार्ग ठरला.

निघण्यापूर्वी मात्र एक गोष्ट ठरवायची राहिली, आणि ती पुढे अडली. तपासणी कुठल्या पद्धतीची करायची आणि सोने कापावे लागले तर तूट कोणाची, हे कोणी बोललेच नाही.

## जळगावात काय झाले

आधी काट्यावर वजन. बांगड्या २४.१० ग्रॅम भरल्या, पावतीवर २४.१८. दीड वर्षाच्या वापरात एवढी झीज पटण्यासारखी आहे. मग क्ष-किरण यंत्रावर दोन्ही बांगड्या, आत आणि बाहेर, जोडापासून दूर: आकडे ९१.६ ते ९१.८ टक्के. शिक्का, नोंद, पावती, वजन आणि यंत्र यांत कुठे तफावत नव्हती. बांगड्यांचा निर्णय तिथेच झाला.

गोफ चार जागी तपासला. फासा ९१.७. कड्या ८४.४, ८४.०, ८४.२. कारागिरांचा अंदाज खरा ठरला होता. ताई लगेच म्हणाल्या, ठीक आहे, ८४.२ ने हिशोब करा.

इथे आबा थांबले, आणि ते योग्य झाले. क्ष-किरण यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सोनार दागिना उजळताना तो आम्लात बुडवतो तेव्हा पृष्ठभागावरचे तांबे विरघळते आणि सोने मागे राहते. त्यामुळे वारंवार उजळलेला जुना डाग यंत्रावर आतल्यापेक्षा चढा दिसतो. शिवाय गोफात जितक्या कड्या तितके जोड, आणि झाळीचा टंच कड्यांपेक्षा कमी. यंत्राची किरणे जोड चुकवून सपाट जागी पडतात, म्हणून झाळ हिशोबात येतच नाही.

खात्रीची पद्धत म्हणजे अग्निपरीक्षा. नमुना कापून, शिसे आणि चांदीसोबत भट्टीत घालतात. तांब्यासारखे हलके धातू शिशाबरोबर मुशीत शोषले जातात, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लाने काढतात, आणि राहिलेले निव्वळ सोने तोलतात. त्यासाठी गोफाच्या कड्या कापायला लागणार होत्या. न ठरवलेला प्रश्न आता समोर आला. ताईंना वाटले आपला दागिना बिघडवतायत, आबांना वाटले तपासणीला नकार म्हणजे काहीतरी लपवणे. अर्धा तास त्यात गेला. शेवटी ठरले की टोकाकडच्या दोन कड्या जोडासकट कापायच्या, म्हणजे झाळही नमुन्यात येईल, त्या ०.४८ ग्रॅमची किंमत निम्मी-निम्मी, आणि निकाल येईल तो दोघांना मान्य.

दुसऱ्या दिवशी निकाल आला: ८३.१.

## निष्पत्ती

३१.४० ग्रॅमला ०.८३१ ने गुणले तर २६.०९ ग्रॅम शुद्ध सोने, सुमारे १,५६,५६० रुपये. शिक्क्याच्या हिशोबापेक्षा १६,००० रुपयांनी कमी. यंत्राच्या ८४.२ वर विश्वास ठेवला असता तर आबांचे दोन हजारांवर गेले असते. या रकमेतून कापलेल्या सोन्याचा निम्मा भाग वजा झाला आणि विसार वळता करून बाकी रक्कम बँकेतून गेली. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या झाल्या. तीत बांगड्यांचे दोन्ही एचयूआयडी, गोफाचे वजन, "कड्या ८३.१, फाशावर 916 शिक्का आहे पण तो गोफाचा नाही" हे वाक्य आणि तपासणीचा अहवाल क्रमांक लिहिला.

हे वाक्य लिहून ठेवणे फार मोलाचे आहे. फासा तसाच राहिला आणि उद्या आबांची मुलगी हा गोफ मोडायला गेली, तर तिच्याही हातात तोच फसवा फासा असणार.

## काय वेगळे करता आले असते

विसार फोटो तपासल्यानंतर द्यायला हवा होता. एचयूआयडी जुळेपर्यंत आणि जुन्या शिक्क्याच्या वर्षाचा मेळ बसेपर्यंत दोन-तीन दिवस थांबले असते तर काही बिघडणार नव्हते, आणि "शिक्का बनावट" म्हणून विसार परत मागायची वेळही आली नसती.

चेन, गोफ, मंगळपोत यांसारख्या डागांत शिक्का बहुधा फाशावर किंवा टोकाच्या पट्टीवर असतो, आणि नेमका तोच भाग झिजतो, तुटतो, बदलला जातो. म्हणून अशा डागाचा शिक्क्याचा फोटो पुरत नाही. शिक्का आणि त्याला लागून असलेल्या चार-पाच कड्या एकाच फोटोत हव्यात, दुसऱ्या टोकाचा जोड वेगळा हवा, आणि वजनकाट्यावर ठेवलेला पूर्ण डाग हवा. त्यासोबत एकच प्रश्न: हा कुठे आणि कधी झाळला आहे? ताईंना हे पहिल्या दिवशी विचारले असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते.

किमतीचा तोंडी आकडा शिक्क्यावरून द्यायला नको होता. "टंच निघेल त्याप्रमाणे" एवढेच बोलणे झाले असते तर १६,००० रुपये कमी झाल्याचे ताईंना लागले नसते. त्यांच्या मनात ती रक्कम आधीच फ्लॅटमध्ये खर्च झाली होती. कड्या कापण्याचा आणि तुटीचा करारही उधन्याहून निघण्यापूर्वी फोनवर व्हायला हवा होता.

आणि एक गोष्ट आबांनी पुढे करू पाहिली, ती जमली नाही. त्यांना गोफावर नवा एचयूआयडी हवा होता. तो ग्राहकाला थेट मिळत नाही, नोंदणी असलेल्या सराफामार्फत करावा लागतो. आणि हॉलमार्कमध्ये ठरलेल्या टंचापेक्षा थोडेही कमी चालत नाही. वीस कॅरेटला ८३३ लागतात. ८३१ चा गोफ दोन अंकांनी खाली घसरून सरळ अठरा कॅरेटच्या `18K750` मध्ये बसला असता. म्हणून सराफाने फक्त चुकीचा फासा काढून कड्यांच्याच टंचाचा साधा फासा बसवून दिला, आणि गोफासोबत तपासणीचा अहवालच ठेवला.